नोंदी यशस्वी : 17

मेलचा विषय होता, 'आनंदाची बातमी'. ऑफिसात या विषयाचा मेल आला की अनुभवी माणसं आधी हातातलं काम सेव्ह करतात.

मनुष्यबळ विभागाने कर्मचाऱ्यांच्या नोंदींसाठी नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. रजा, हजेरी, बढती, बदली, सगळं यापुढे एका जागी दिसणार होतं. त्यासाठी प्रत्येक विभागाने आपल्या माणसांची माहिती २० मेपर्यंत भरायची होती. प्रशिक्षण २७ मेला होतं. ३१ मेला माहिती गोठवणार आणि १ जूनला सॉफ्टवेअर सुरू. मी मेल दोनदा वाचला. माहिती २० तारखेला भरायची आणि ती कशी भरायची हे २७ तारखेला शिकायचं, हा क्रम टायपिंगची चूक असेल असं वाटून मी एचआरच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, आधी भरून बघा ना. म्हणजे प्रशिक्षणात शंका विचारता येतील."

मेलच्या तळाशी मदतीसाठी संपर्काचा तक्ता होता. पहिली पायरी विभागाचा समन्वयक, दुसरी हेल्पडेस्क, तिसरी पोर्टलवर तिकीट. आमच्या विभागापुढे कुणाचा तरी एक्स्टेन्शन नंबर दिला होता. मी लगेच फिरवला. लाइन व्यस्त. पाच मिनिटांनी परत फिरवला, तरी व्यस्त. हा समन्वयक फारच कामाचा माणूस दिसतोय असं मी शेजारच्या टेबलावर म्हणालो, तेव्हा तिथून उत्तर आलं, "तो नंबर तुमचाच आहे."

साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "हो, तुमचं नाव मीच दिलं. तुम्हाला कॉम्प्युटरची आवड आहे ना." दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दिला होता. त्याची फळं ही अशी.

आमच्या विभागात माणसं ४३. एचआरने एक टेम्प्लेट पाठवलं होतं. एका ओळीत एक माणूस, आणि रकाने बरेच. मी जुनं रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो आणि आपण नेहमी लिहितो तशा तारखा भरत गेलो, म्हणजे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. २० तारखेला संध्याकाळी फाइल अपलोड केली. पडद्यावर चक्र फिरलं आणि खाली उत्तर आलं, नोंदी यशस्वी १७, अयशस्वी २६.

अयशस्वी ओळींपुढे लाल अक्षरात एकच वाक्य होतं, 'महिना १ ते १२ यामध्ये असावा'. आमच्यातल्या कुणाचा जन्म पंचविसाव्या महिन्यातला नाही हे मला माहीत होतं. पण थोडा विचार केल्यावर भानगड कळली. ते सॉफ्टवेअर ज्या मशीनवर चालत होतं, ते पहिला आकडा महिन्याचा समजत होतं. मी त्या २६ ओळींमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली, परत अपलोड केलं आणि २६ पैकी २६ यशस्वी झाल्या. साहेबांना मेल टाकला, '४३ पैकी ४३ पूर्ण'. साहेबांनी तो मोठ्या साहेबांना पुढे पाठवला. मुदत पाळणारा आमचा एकच विभाग होता. दोन दिवस मी कॉरिडॉरमधून जरा ताठ चालत होतो.

२७ तारखेच्या प्रशिक्षणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रशिक्षक दीड तास लॉगिन पानाचा रंग आपल्या आवडीनुसार कसा बदलावा ते दाखवत होते, कारण पुढचं पान नेटवर्कमुळे उघडत नव्हतं. मी तारखांचा विषय काढला. ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, तो आपण पार्किंगमध्ये ठेवू." तो अजून तिथेच आहे.

१ जूनला सकाळी सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिलं काम त्याने काय केलं, तर विभागातल्या सर्वांना मेल पाठवला की आज अमुक मॅडमचा वाढदिवस, त्यांना शुभेच्छा द्या. सगळे टेबलाभोवती जमले. मॅडम म्हणाल्या, "माझा वाढदिवस सहा जानेवारीला असतो."

सहा जानेवारी. म्हणजे ०६/०१. पहिला आकडा महिना धरला तर एक जून. मला उभ्या उभ्या घाम फुटला. मी त्या २६ लाल ओळी दुरुस्त केल्या होत्या, पण ज्या १७ यशस्वी झाल्या होत्या त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. यशस्वी झालेल्याची चौकशी कोण करतं?

हे गणित एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. महिन्याच्या तेरा तारखेला किंवा त्यानंतर जो जन्मला, त्याची तारीख उलटी वाचता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर बोंब मारतं. असे दिवस वर्षात २२१. पण जो बारा तारखेच्या आत जन्मला, त्याची उलटी तारीखसुद्धा कॅलेंडरात सापडते. ती बिनबोभाट आत जाऊन बसते आणि वर हिरवी टिकही मिळवते. असे दिवस १३२. उरले १२, पाच मे किंवा नऊ सप्टेंबरसारखे, ज्यांना उलटं वाचलं काय नि सुलटं वाचलं काय. आमच्या त्या १७ जणांत असे भाग्यवान दोनच निघाले. म्हणजे पहिल्या फेरीत बरोबर गेलेल्या नोंदी फक्त २, लाल २६, आणि हिरव्या रंगात साफ चुकलेल्या १५.

त्या पंधरांत आमचे रेकॉर्ड सेक्शनचे काका होते. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९६७चा. सॉफ्टवेअरने तो १२ जानेवारी १९६७ केला आणि त्यांना एका झटक्यात ३२३ दिवसांनी म्हातारं केलं. निवृत्ती जवळ आलेल्यांच्या यादीत ते सगळ्यात वर जाऊन बसले आणि त्यांना 'आपल्या पुढील आयुष्यासाठी' असा मेलही गेला. काका कागद हातात घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं चिडतील. तर हळूच म्हणाले, "हे असंच राहू देता येईल का रे?"

मी एचआरच्या मॅडमकडे गेलो. माहिती गोठली होती, पण त्यांनी मेहेरबानी करून अर्धा दिवस अपलोड उघडून दिला. या वेळी मी अभ्यास करून बसलो होतो. तारखेबद्दल भांडण नको म्हणून जगाने आधीच एक पद्धत ठरवलेली आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. तिचा आयएसओ ८६०१ हा नियम १९८८ साली निघाला. या क्रमाने लिहिलं की कुठलंही मशीन गोंधळत नाही. मी सगळ्या ४३ ओळी तशा केल्या. काकांची ओळ अशी दिसत होती.

```
00417,1967-12-01
```

फाइल तयार झाली. आता फक्त पाठवायची होती. पण हात शिवशिवतात ना. एकदा शेवटची नजर टाकावी म्हणून मी फाइलवर डबलक्लिक केलं, ती स्प्रेडशीटमध्ये उघडली, सगळं छान दिसलं, बंद करताना त्याने 'सेव्ह करू का?' असं विचारलं आणि मी सभ्य माणसासारखा हो म्हणालो.

स्प्रेडशीटला तारीख दिसली की तो मजकूर राहत नाही. ती त्याचा आकडा करते. १९०० सालच्या १ जानेवारीला एक धरून मोजलेले दिवस. तिच्या पोटात काका म्हणजे २४८०७. दाखवताना आणि साठवताना मात्र तो आकडा ती आपल्या कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे परत तारखेच्या रूपात आणते, आणि माझ्या कॉम्प्युटरचं सेटिंग आपलं नेहमीचं, दिवस आधी. शिवाय नोकरीचा क्रमांक हीसुद्धा तिला संख्याच वाटते, आणि संख्येच्या आधीच्या शून्यांना काही किंमत नसते म्हणून ती त्यांना घरी पाठवते. हे टाळायचं तर फाइल डबलक्लिकने उघडायचीच नाही. ती आयात करायची आणि आयात करताना त्या रकान्यांना 'मजकूर' असं बजावायचं. नाहीतर नोटपॅडमध्ये बघायची, तो बिचारा कशाचाही अर्थ लावत नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी माझ्या हातून जी फाइल गेली, तिच्यात काकांची ओळ अशी होती.

```
417,01-12-1967
```

चक्र फिरलं. उत्तर आलं, नोंदी यशस्वी १७, अयशस्वी २६.

हा आकडा ओळखीचा होता, पण या वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. 00417 या क्रमांकाचे काका आधीच आत होते. 417 या क्रमांकाचा माणूस सॉफ्टवेअरला माहीत नव्हता, म्हणून त्याने नवीन भरती झाली असं समजून त्याचं स्वागत केलं. असे १७ जण. जुने कुणी दुरुस्त झाले नाहीत, आणि विभागाची संख्या ४३वरून ६० झाली. आता काका दोन होते आणि दोघांचाही जन्म १२ जानेवारीचा. पहिले काका रोज वेळेवर येत होते. दुसरे सलग गैरहजर होते, आणि त्याबद्दल त्यांना दररोज सकाळी दहा वाजून एक मिनिटाने इशारा जात होता. तो पहिल्या काकांच्याच मेलवर येत होता.

साहेब म्हणाले, "सतरा माणसं वाढली तर काम का वाढत नाही, असं वरून विचारलंय."

मॅडमनी हात वर केले. एकदा उघडलेली खिडकी परत उघडता येत नाही, आता तिकीट टाका. मग मी पोर्टलवर गेलो. अडचणीचं स्वरूप, बाधित व्यक्तींची संख्या (यात दुसरे काका धरावेत का, यावर जरा वेळ गेला), तातडीची पातळी, सगळं भरलं आणि तिकीट पाठवलं.

दोन मिनिटांत माझ्या इनबॉक्समध्ये मेल आला. 'आपल्याकडे नवीन तिकीट सोपवण्यात आले आहे.' पहिली पायरी, विभागाचा समन्वयक. खाली मुदत लिहिली होती.

`08/06`

मी ती सहा ऑगस्ट अशी वाचली आणि घरी गेलो.