तिसरा परीक्षक नेमताना घ्यावयाची काळजी

विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळावर तुमची वर्णी लागली आहे आणि दुहेरी तपासणीचा नियम लिहायचं काम साहजिकच तुमच्या गळ्यात पडलं आहे, कारण त्या बैठकीला तुम्ही एकटेच वेळेवर पोहोचलात. घाबरू नका. नियमाचा पहिला अर्धा भाग कोणीही लिहील: एक उत्तरपत्रिका दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतील, दोघांच्या गुणांत 15 पर्यंत फरक असेल तर सरासरी घ्यावी, त्याहून जास्त असेल तर पत्रिका तिसऱ्याकडे पाठवावी. इथपर्यंत सगळ्या माना डोलतील आणि चहा येईल. तुमचं खरं कसब पुढच्या वाक्यात लागणार आहे: तिसऱ्याने गुण दिले, आता त्यांचं करायचं काय?

माझा सल्ला असा की ते वाक्य लिहूच नका. "तिसऱ्या परीक्षकाचे गुण विचारात घेऊन निकाल अंतिम करण्यात येईल" एवढंच लिहा. 'विचारात घेऊन' हे फार गुणी शब्द आहेत. त्यांच्या पोटात काय काय मावतं ते पाहा.

पेपर 100 गुणांचा, उत्तीर्ण व्हायला 50 लागतात. पहिल्याने 58 दिले, दुसऱ्याने 38. फरक 20, म्हणून पत्रिका तिसऱ्याकडे गेली आणि त्याने 46 दिले. तिघांची सरासरी काढलीत तर 47.33, म्हणजे नापास. तिसऱ्याचाच शब्द अखेरचा मानून आधीचे दोन्ही आकडे पुसलेत तर 46, नापासच. एकमेकांना जवळच्या दोन आकड्यांची सरासरी धरलीत तर 46 आणि 38 जवळचे, म्हणून 42. आणि विद्यार्थ्याचं हित म्हणून वरच्या दोघांची सरासरी घेतलीत तर 52, पोरगा पास! चारही पद्धतींत 'विचारात' तर घेतलंच आहे. शिवाय शेजारच्या बाकावरच्या मुलाला 57 आणि 43 मिळाले; फरक 14, सरासरी बरोबर 50. तिसऱ्या परीक्षकाचं तोंडही न बघता तो घरी गेला.

पण सभागृहात एखादा नियमवेडा सदस्य असतोच. तो म्हणेल, पद्धत लिहून टाका. मग तुम्ही "सर्वात जवळच्या दोन गुणांची सरासरी" सुचवा. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की विरोध करणाराच वेडा ठरतो: दोघे जवळ आले म्हणजे खरं त्यांच्याकडेच असणार, तिसरा वाहवत गेलेला!

आता याच पत्रिकेला तिसऱ्याने 46 ऐवजी 47 दिले असं धरा. 38 जवळ, निकाल 42.5. त्याने 49 दिले तर? 58 जवळ, निकाल 53.5. दुपारच्या जेवणानंतर त्याचा हात दोन गुणांनी सैल झाला आणि विद्यार्थी 11 गुण वर सरकला. तिघांची सरासरी असती तर त्याच दोन गुणांनी एका गुणाचाही फरक पडला नसता. तिसऱ्याचाच आकडा धरला असता तरी दोनाचे दोनच राहिले असते. आणि त्याने मधोमध 48 दिले तर? दोन्ही बाजूंना अंतर 10. मग निकाल 43 की 53, हे नियमात नाही. ते निकाल विभागातल्या त्या लिपिकाकडे आहे जो संगणकात सूत्र भरतो. त्याच्याशी संबंध चांगले ठेवा.

जवळच्या जोडीचा हा मोह विद्यापीठांचा शोध नव्हे. प्रयोगशाळांतही तीन मोजमापं घेऊन जवळची दोन ठेवायची सवय होती आणि संख्याशास्त्रज्ञ ज्युलियस लिब्लाइन यांनी 1952 मध्ये तिचा गणिती हिशोब मांडला. तीन स्वतंत्र मोजमापांत सारखीच, प्रसामान्य वितरणाची चूक असेल आणि एकाचं विचरण, म्हणजे आकडा किती डळमळतो त्याचं माप, 1 धरलं, तर दोघांच्या साध्या सरासरीचं विचरण 0.50 येतं, तिघांच्या सरासरीचं 0.33 आणि तिघांतून निवडलेल्या जवळच्या जोडीच्या सरासरीचं सुमारे 0.64. म्हणजे तिसऱ्याला मानधन देऊन आणलं आणि त्याला आणलंच नसतं त्यापेक्षा डळमळीत आकडा मिळवला. ही माहिती बैठकीत काढू नका; कार्यवृत्तात विचरण लिहायची पद्धत नाही.

सरासरीवाल्यांनी लगेच फुशारून जाऊ नये म्हणून त्यांच्यासाठीही एक पत्रिका ठेवली आहे. पहिल्याने 58 दिले, दुसऱ्याने 38. फरक तोच. पण दुसऱ्याने पुरवणी उघडलीच नव्हती. मुख्य पत्रिकेच्या मागे दोऱ्याने बांधलेल्या त्या चार पानांत पाचवा प्रश्न होता आणि तो बिनखुणेचा राहिला. तिसऱ्याने पुरवणी पाहिली आणि 57 दिले. तिघांची सरासरी 51. दुसऱ्याच्या मताला मान मिळाला, फक्त ते मत न वाचलेल्या पानांबद्दल होतं. इथे तो आकडा सरळ बाद करायला हवा होता. सरासरीने चूक तीन भागांत वाटली आणि एक भाग विद्यार्थ्याच्या पदरात कायमचा टाकला.

हे ओळखायला तिसरा परीक्षकही लागत नाही. दोघांच्या गुणांचे तक्ते प्रश्नवार शेजारी ठेवले की पाच मिनिटांत दिसतं: 20 चा फरक एकाच प्रश्नात असेल तर पुरवणी राहिली किंवा बेरीज चुकली, दुरुस्त करा आणि मोकळे व्हा. पाचही प्रश्नांत चार-चार गुणांनी विखुरला असेल तर एकाचा हात कडक आहे, तिथे मतभेद खरा आहे आणि तिसऱ्याचं मत सरासरीत घेण्यात अर्थ आहे. अर्थात हे कळल्यावर तिसऱ्याकडे जाणारे गठ्ठे कमी होतील, मानधनाची बिलं कमी होतील आणि जिथे पत्रिका तपासल्या जातात त्या कॅप सेंटरवर तुमच्याबद्दल बोललं जाईल. तेव्हा प्रश्नवार तक्ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

तिसऱ्याला आधीचे गुण दिसू द्यायचे की नाही, यावर फार वेळ घालवू नका. दिसले की तो समंजसपणे मधला आकडा लिहील. 58 आणि 38 पाहिल्यावर 48 लिहिणाऱ्याला कोण नावं ठेवणार? आधीचे गुण झाकायचे म्हटलं तरी उत्तरपत्रिकेत पहिल्याच्या लाल खुणा असतातच, आणि त्या न मोजण्याइतका निरिच्छ प्राध्यापक अजून सेवेत आलेला नाही.

15 ची मर्यादा मात्र ठळक अक्षरांत छापा आणि सगळ्यांना वाटा. मग पाहा, फरकांची आकडेवारी मांडली की 14 आणि 15 वर पत्रिकांचा ढीग असेल आणि 16, 17 वर शुकशुकाट. दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण कळतात, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही अहवालात त्याला 'मूल्यमापनातील सुसूत्रता' म्हणा. सगळा गठ्ठाच 14 गुणांनी कडक तपासणारा गृहस्थही या चाळणीतून सुखरूप जातो, त्याची एकही पत्रिका तिसऱ्याकडे जात नाही.

राहता राहिला विद्यार्थी. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात निकाल दिल्यापासून त्याला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. परीक्षकांची नावं कळत नाहीत, पण 58, 38 आणि 46 हे आकडे त्याच्या हाती पडू शकतात, आणि भागाकार त्यालाही येतो. तो विचारेल, 42 कसे आले? त्याला नियमाचा क्रमांक कळवा. तो क्रमांक काढून वाचेल, तर तिथे लिहिलेलं असेल: तिसऱ्या परीक्षकाचे गुण विचारात घेऊन निकाल अंतिम करण्यात येईल. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज खिडकी क्रमांक 4 वर मिळतो, शुल्क परत मिळत नाही, आणि तिथेही फरक 15 पेक्षा जास्त आला तर पत्रिका कोणाकडे जाईल ते त्याला एव्हाना ठाऊक असेल.