उसाच्या रसाच्या ग्लासमागे खरंच १ रुपया ८० पैशांची वीज जाते का?

रसवंतीवाल्यांमध्ये फिरणारा मेसेज: "दीड एचपीची मोटर तासाला दीड युनिट खाते. दहा तासांचे १५ युनिट, १२ रुपये दराने १८० रुपये. शंभर ग्लास विकले तर ग्लासमागे १ रुपया ८० पैसे वीजच! आणि मोटर सारखी चालू-बंद करू नका, सुरू होताना ती सगळ्यात जास्त वीज ओढते."

दीड युनिटचा आकडा खरा आहे, पण तो पूर्ण लोडचा. रुळांत कांडं असतं तेवढाच वेळ मोटर तितकी वीज घेते. दोन-तीनदा घालून, चिपाड दुमडून पुन्हा एकदा पिळून एका ग्लासला साधारण ४० सेकंद लागतात. शंभर ग्लासांचे होतात जेमतेम सव्वा तासाच्या आत. म्हणजे पावणेदोन युनिट, वीस-एकवीस रुपये. ग्लासमागे २० पैसे, बस्स.

मग बिल फुगतं कशाने? गिऱ्हाईक नसताना घरघरत राहिलेल्या मोटरीने. रिकामी मोटर, पट्टा आणि गिअर मिळून ४०० वॉटच्या आसपास घेतात. उरलेले नऊ तास ती तशीच फिरली तर साडेतीन युनिट जातात, म्हणजे पिळण्याच्या दुप्पट. तरीही शंभर ग्लासांवर एकूण खर्च साठ-पासष्ट पैसेच येतो. पावसाळी दिवशी तीसच ग्लास गेले आणि मोटर दिवसभर फिरत ठेवली, तर मात्र पावणेदोन रुपये लागतात. मेसेजमधला आकडा अशाच दिवशी जुळतो.

चालू-बंदचा सल्ला तर उलटाच. सुरू होताना करंट पाच-सहा पट जातो, पण सेकंदभरच. सढळ हाताने धरली तरी ती वीज तीन पैशांची, आणि मोटर तेवढी वीज रिकामी फिरून वीस-पंचवीस सेकंदांत खाते. मात्र दर मिनिटाला बटण दाबायलाही जाऊ नका. त्याने कपॅसिटर आणि आतला स्विच लवकर जातो. पुढचं गिऱ्हाईक दोन-तीन मिनिटांत दिसत नसेल तर बंद करा. आणि रुळांत ऊस अडकलेला असताना सुरू करू नका. मोटर नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग तापतं.

क्लॅम्प मीटर लावून 'रिकामी असतानाही पाच अँपिअर दाखवतो' म्हणणारेही भेटतील. रिकाम्या मोटरीचा पॉवर फॅक्टर फार कमी असतो, त्यामुळे अँपिअरला २३० ने गुणलं की आकडा दुप्पट-तिप्पट निघतो. साध्या दुकानाच्या मीटरवर बिल युनिटचंच येतं. त्यापेक्षा मीटरवरचा लाल दिवा बघा. त्यावर ३२०० इम्पल्स लिहिलं असेल, तर बाकी सगळं बंद ठेवून रिकामी मोटर मिनिटाला वीस-बावीसदा लुकलुकवेल, पिळताना ऐंशीच्या आसपास. रिकामी असतानाच चाळीस मोजले, तर रुळांचे नट फार आवळलेले आहेत किंवा गिअरला ग्रीस नाही.