मानेच्या गाठीत सुई घातली की टीबी पसरतो? खुलासा

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: «मानेला टीबीची गाठ असेल तर सुई टोचू देऊ नका, टीबी अंगभर पसरतो. गोळ्या चालू असताना गाठ वाढली तर गोळ्या बंद करा.»

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. मी अशा गाठींचे नमुने रोज तपासते. बारीक सुईने टीबी अंगभर पसरत नाही. चिरा देऊन गाठ अर्धवट उघडली तर मात्र जखम वाहत राहू शकते. भीती बहुधा तिथूनच आली असावी.

22 वर्षांच्या एका मुलीच्या नमुन्यात टीबीत दिसणाऱ्या पेशींचे पुंजके होते, पण जंतू दिसले नाहीत. गाठीत ते मुळात थोडेच असतात. म्हणून तोच नमुना जीनएक्सपर्ट, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, यांसाठी पाठवला. जीनएक्सपर्टने टीबी पक्का केला, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल हेही सांगितलं. उपचार सहा महिन्यांचे: पहिले दोन महिने चार औषधं, नंतर कमी.

दुसऱ्या महिन्यात गाठ फुगली. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिकारशक्ती उसळली की असं होतं. औषध निकामी ठरलंय का, हे डॉक्टर पुन्हा नमुना घेऊन पाहतात. गोळ्या मात्र चालूच राहतात. तिची गाठ पुढे ओसरली. उपचार संपल्यावरही छोटी गाठ हाताला लागू शकते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासा त्याच ग्रुपवर टाका.