सहा दिवस ‘प्रोसेसिंग’!

सकाळपासून अठरा वेळा ब्रोकरचं ॲप उघडून झालं. तोच केशरी ठिपका, तोच शब्द: प्रोसेसिंग. अरे, काय प्रोसेस करताय? अठ्ठेचाळीस हजार आहेत, लोणचं मुरत नाही घातलेलं!

गेल्या सोमवारी शेअर विकले. बाथरूमचं लीकेज खालच्या काकांच्या छतावर उतरलंय आणि मिस्त्रीला ॲडव्हान्स हवाय. टी प्लस वन, म्हणजे मंगळवारी पैसे ब्रोकरच्या खात्यात जमा. विकल्या दिवशी ॲपात आकडा दिसतो, पण तो काढता येत नाही, हे आपल्याला पाठ आहे. ‘विथड्रॉएबल’ची ओळ मंगळवारी भरली, दुपारी एकला रिक्वेस्ट टाकली. बुधवार गेला, गुरुवार गेला. एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला बॅच जाते. भांडुपहून सीएसएमटीला जाणारी स्लो लोकलसुद्धा इतकी लेट नसते. (असते. पण निदान लेट आहे असं सांगतात तरी.)

मग तो चॅट. “डिअर कस्टमर, काइंडली बेअर विथ अस” आणि पुढे हसरा चेहरा. या हसऱ्या चेहऱ्याचं मला विशेष वावडं आहे. माझे पैसे अडकलेत आणि तू हसतोस? यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, मागितला तर म्हणे बँकेला विचारा. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून बँकेत गेलो, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “यूटीआर द्या, मग शोधते.” दोघांच्या मध्ये मी टेबल टेनिसचा चेंडू.

शनिवारी डोकं सटकलं आणि सोशल मीडियावर जाहीर शिव्या घातल्या. पाच मिनिटांत तीन ‘कस्टमर केअर’ धावून आले. एक म्हणे स्क्रीन शेअरचं ॲप टाका. खऱ्या सपोर्टने एवढी तत्परता दाखवली असती तर! पोस्ट उडवली. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी ओल्या छताचा सातवा फोटो टाकलेला, खाली चौदा जणांचे अंगठे. अंगठे कसले दाखवता?

शेवटी बायको म्हणाली, “आरडाओरडा पुरे, नीट मेल लिही.” ती एका ऑफिसात अकाउंट्स बघते, तिला हे रोजचं. सपोर्टकडे मी काढलेल्या पाच तिकिटांवर तिने कपाळाला हात लावला. “दर वेळी नवं तिकीट काढलंस की तू पुन्हा रांगेच्या शेवटी. जुन्याच मेलवर उत्तर दे.” मग तिनेच सांगितलं: वर रिक्वेस्ट नंबर, रक्कम, तारीख, वेळ. खाली तीनच प्रश्न. पैसे तुमच्या बँकेतून निघाले का? निघाले असतील तर यूटीआर काय? नसतील तर कुठल्या कारणाने नाकारले? “लूट, चोर, फसवणूक सगळं काढ. उद्या सेबीच्या तक्रार पोर्टलवर, स्कोअर्सवर, जायची वेळ आली तर हाच मेल जोडायचाय, तिथे तुझी भाषा वाचणार लोक.” कॉपी कम्प्लायन्स ऑफिसरला, त्यांचा पत्ता ब्रोकरच्या वेबसाइटवर तळाशी, मुंगीच्या अक्षरात, एस्कलेशनच्या तक्त्यात सापडला. स्कोअर्सवर तक्रार गेली की त्यांना 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हेही मेलमध्ये नको म्हणाली. पहिल्याच पत्रात धमकी कशाला?

यूटीआरचा प्रश्न मेख आहे, हे मला आज कळलं. यूटीआर असेल तर पैसे निघालेत, मग आपल्या बँकेला गाठायचं. आणि खात्यात जमा होत नसतील तर बॅचनंतर दोन तासांत ते परत जायला हवेत. यूटीआरच नसेल तर पैसे ब्रोकरच्या दारातून बाहेरच पडले नाहीत, बँकेत खेटे घालून उपयोग शून्य. माझी अर्धी रजा फुकट गेली ती अशी.

आज दुपारी उत्तर आलं. हसरा चेहरा नाही, देवाची कृपा. आयएफएससी अवैध, त्यामुळे पेमेंट मंगळवारीच नाकारलं गेलं, यूटीआर तयारच झाला नाही. माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, कोड बदलला, आणि ब्रोकरकडे जुनाच नोंदलेला. ‘बँक तपशील अपडेट करा’ असा त्यांचा मेल दोन वर्षांपूर्वीच आला होता. प्रमोशन्सच्या कप्प्यात, न उघडलेला, पिझ्झाच्या ऑफरखाली.

म्हणजे चूक माझी. बरं, माझी. पण मंगळवारी नाकारलेलं पेमेंट सहा दिवस ‘प्रोसेसिंग’ म्हणून दाखवायचं? ‘नाकारलं, कोड तपासा’ एवढं लिहायला काय शाई लागते?

कॅन्सल्ड चेक अपलोड केलाय. आता बँकेचा तपशील बदलायची रिक्वेस्ट दिसतेय. केशरी ठिपका. प्रोसेसिंग.