टाइम-ब्लॉकिंग कन्सल्टंटलाही जमतं, पण ब्लॉक कुठं टाकायचा ते बघावं लागतं

टाइम-ब्लॉकिंग म्हणजे एकेका कामासाठी कॅलेंडरमधे आधीच वेळ राखून ठेवायची. कन्सल्टंट लोकांचा त्यावर आक्षेप असा असतो: "टाइम-ब्लॉकिंग नोकरदारांसाठी ठीक आहे. कन्सल्टंटचं कॅलेंडर क्लायंटच्या हातात असतं. दोन तास फोन उचलला नाही तर क्लायंट दुसऱ्याकडं जातो. आणि एक मीटिंग आली की सगळा प्लॅन कोसळतो. त्यापेक्षा दोन व्हिजिटच्या मधे मिळेल त्या वेळात काम उरकायचं, सगळे तेच करतात."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण त्यात माझे हात पोळलेत.

मी फौंड्रीवाल्यांसाठी रिजेक्शन आणि कॉस्टिंगचं काम करतो, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशी फिरती असते. दोन वर्षांपूर्वी एका फौंड्रीचा मार्च महिन्याचा रिजेक्शन रिपोर्ट मी असाच मधल्या वेळात केला, कधी गेटबाहेर गाडीत, कधी चहाच्या टपरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन. बसून केलं तर सहा तासांचं काम, ते आठ दिवस चाललं. महिन्याची बारा हजार कास्टिंग, फौंड्रीच्या शीटमधे 540 रिजेक्ट आणि मशिन शॉपकडून परत आलेली 180. आता त्या 180 मधली 110 फौंड्रीनं आपल्या शीटमधे आधीच धरली होती, हीट नंबर म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा नंबर, त्यावरून दोन्ही शीट जुळवल्या की ते लगेच दिसतं. मी जुळवायला घेतलंच होतं, तेवढ्यात दुसऱ्या क्लायंटचा फोन आला, वीस मिनिटं बोललो, परत बसलो तेव्हा डोक्यात होतं की जुळवून झालंय. नव्हतं झालं. मी सरळ बेरीज केली, 720, म्हणजे 6 टक्के. खरा आकडा 610, म्हणजे 5.1 टक्के.

नुसता टक्का चुकला असता तर एक वेळ चाललं असतं. पण ती दोनदा मोजलेली 110 कास्टिंग सगळी ब्लोहोलची होती, म्हणजे आत गॅस अडकून पडलेली भोकं, मशिनिंग केल्यावर उघडी पडलेली. त्यामुळं माझ्या रिपोर्टमधे ब्लोहोल एक नंबरला गेलं आणि मी कोअरचा गॅस नीट निघतोय का ते आधी तपासा असं लिहून दिलं, खरं तर श्रिंकेज, म्हणजे धातू थंड होताना आकसून पडणारी पोकळी, पुढं होतं आणि आकसताना जादा धातू पुरवणाऱ्या रायझरकडं बघायला पाहिजे होतं. मालकांनी मीटिंगमधे शांतपणे विचारलं, "साहेब, ही हीट दोन्हीकडं दिसतीय की?" ते वाक्य अजून कानात आहे.

याला कारण आहे. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी 2009 मधे यावर पेपर लिहिला, अर्धवट सोडलेल्या कामाचा काही भाग डोक्यात रेंगाळतो आणि पुढचं काम त्यामुळं खराब होतं, याला त्यांनी अटेन्शन रेसिड्यू म्हटलंय. व्हिजिटच्या मधल्या चाळीस मिनिटांत तुम्ही बसता तेव्हा आधीच्या शॉप फ्लोअरवरचं बोलणं डोक्यात चालूच असतं आणि पुढच्या व्हिजिटचं घड्याळ समोर असतं. या वेळात बिलं पाठवा, ईमेलला उत्तरं द्या, फोन करा, ते छान होतं. दोन शीट जुळवायचं काम तिथं करू नका. पुढं त्याच बाईंनी दुसऱ्या एका संशोधकाबरोबर हेही दाखवलं की काम सोडायच्या आधी "कुठवर आलो, पुढचं पाऊल काय" एवढं लिहून ठेवलं तर हा त्रास कमी होतो. मी आता फोन उचलायच्या आधी कागदावर एक ओळ लिहितो, "हीट 412 पर्यंत जुळवलं, पुढं 413". दहा सेकंद लागतात.

आता कॅलेंडर कुणाच्या हातात आहे त्याचं बघू. असेल क्लायंटच्या हातात, पण सगळा आठवडा त्यांना तुम्ही नको असता. माझ्या बहुतेक क्लायंटची सुट्टी सोमवारी असते आणि कित्येक वर्षं मी सोमवार असाच घालवला, बँक, गाडीचं सर्व्हिसिंग, राहिलेली कामं. तोच माझा सगळ्यात मोठा ब्लॉक निघाला. सोमवारी साडेआठ ते साडेदहा, अर्धा तास मोकळा, मग अकरा ते एक. बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ, घरीच, कारण मालक लोक अकराच्या आधी मीटिंगला बसतच नाहीत. झाले आठ तास. मंगळवार, गुरुवार पूर्ण व्हिजिटला. आठवड्याचे आठच तास म्हणजे कमी वाटतील, पण मोठा रिपोर्ट एक आणि वर एखादं कोटेशन त्यात बसतं, जास्त ब्लॉक टाकले की ते पाळले जात नाहीत हे मी करून बघितलंय. आणि ब्लॉकला नुसतं "रिपोर्ट" असं नाव देऊ नका, "मार्चच्या दोन शीट हीट नंबरनं जुळवणे" असं लिहा, म्हणजे बसल्यावर काय करायचं यात पंधरा मिनिटं जात नाहीत.

फोनची भीती मला पण होती. म्हणून एक आठवडा वहीत प्रत्येक फोन लिहिला, कुणाचा, कशासाठी, दोन तासांनी उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं. 41 फोन आले, खरंच थांबता न येणारे तीन निघाले आणि तिन्ही चालू ट्रायलच्या वेळचे. मग त्या तिघांसाठी वाट उघडी ठेवायची. अँड्रॉइडमधे डू नॉट डिस्टर्ब लावून रिपीट कॉलर चालू ठेवलं की एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो. आयफोनला पण ही सोय आहे, तिथं तीन मिनिटांत दुसरा कॉल यावा लागतो. हे फक्त साध्या कॉलचं बोलतोय, व्हॉट्सॲप कॉलवर भरवसा ठेवू नका. मी प्रत्येक क्लायंटला स्पष्ट सांगितलंय, "लाइन थांबली असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा, मी उचलणार. बाकी सगळ्यांना चार ते पाच मी स्वतः फोन करतो." दुसरं वाक्य पाळणं जास्त महत्त्वाचं आहे, चार वाजता फोन गेला नाही तर पुढच्या वेळी ते सकाळीच दोनदा लावणार आणि त्यांचं बरोबर असेल. आजवर या कारणानं एकही क्लायंट गेलेला नाही.

प्लॅन कोसळायचं कारण बहुतेक वेळा हे असतं की आठवडा काठोकाठ भरलेला असतो. शनिवारी दहा ते बारा मी काहीच लिहीत नाही, ती भरपाईची जागा. बुधवारचा ब्लॉक मोडला की तो पुसायचा नाही, त्याच वेळी उचलून शनिवारी टाकायचा. दोन मोडले तर दुसरा बसत नाही, मग त्याच दिवशी क्लायंटला फोन करून तारीख दोन दिवस पुढं मागायची, डेडलाइनच्या आदल्या रात्री नाही. सलग तीन आठवडे एकच ब्लॉक मोडत असेल तर ती वेळच चुकीची आहे, हलवा. माझा आधी गुरुवारी दुपारी होता, एकदाही टिकला नाही.

कुठं चालत नाही तेही सांगतो. ऑडिटचा आठवडा किंवा नव्या पॅटर्नची ट्रायल चालू असेल तेव्हा दिवसभर शॉप फ्लोअरवरच थांबावं लागतं. त्या आठवड्यात मी फक्त सोमवारचे चार तास ठेवतो आणि त्या दिवसांत कुणालाच रिपोर्टची तारीख देत नाही.