गाडी वेळेवर आली म्हणे! गेली कधी, ते सांगा

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. पुण्यात वारज्याकडच्या एका लॉन्सवर मी व्यवस्था बघतो. गेल्या रविवारी संध्याकाळी सात वाजता, रिसेप्शनचे पाहुणे यायच्या ऐन वेळी, आमच्या गेटच्या तोंडात सतरा फुटी आयशर आडवा उभा होता. क्लीनर मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडतोय, डिझेलचा धूर सगळा आत येतोय, आणि नवरदेवाच्या आत्याबाई शालू सावरत सेवा रस्त्यावरून चालत येतायत, कारण त्यांची गाडी मागे अडकली. शिव्या कुणाला? मला. "तुम्ही गाड्यांना वेळा ठरवून देत नाही का हो?"

देतो हो! आठवडाभर आधी देतो. व्हॉट्सॲपवर देतो, फोन करून देतो, छापून गेटवर चिकटवतो. वेळा देणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आमच्या धंद्यात प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की आमची गाडी वेळेवर आली. अरे, आली असेल. पण गेली कधी?

आधी जागा समजून घ्या, म्हणजे माझी चिडचिड कळेल. पाहुण्यांचं गेट वेगळं, सामानाचं गेट वेगळं. पण दोन्ही एकाच सेवा रस्त्यावर, शेजारी शेजारी. सामानाच्या गेटातून भिंतीलगत एक बोळ जातो, स्टेजच्या मागून थेट भटारखान्यापर्यंत. रुंदी एका गाडीपुरती. पुढे भिंत. म्हणजे आत एकामागे एक अशा दोनच गाड्या राहतात आणि जी आधी आत गेली ती शेवटी बाहेर पडते. शिवाय वळायला आत जागा नाही, त्यामुळे मोठी गाडी रिव्हर्सनेच आत घ्यावी लागते, आणि ती वळवताना तिचं तोंड पाहुण्यांच्या गेटसमोरून फिरतं. तेवढी पाच-सात मिनिटं दोन्ही गेटं बंद. दुपारी चार वाजता ती पाच मिनिटं कुणाच्या खिजगणतीतही नसतात. सातला तीच पाच मिनिटं म्हणजे रस्त्यावर दोनशे मीटर रांग.

आता रविवारचं बघा. सकाळी एकांचं लग्न, संध्याकाळी दुसऱ्यांचं रिसेप्शन. मधल्या वेळात एकाचं सगळं बाहेर आणि दुसऱ्याचं सगळं आत. मी लावलेलं गणित असं होतं : साडेतीन ते चार सकाळच्या केटररची भांडी बाहेर. चार ते पावणेपाच सकाळच्या डेकोरेटरचं सामान बाहेर. पावणेपाचला एलईडी वॉलचा टेम्पो आत, कारण त्याचा सांगाडा आधी उभा राहिल्याशिवाय पुढचं काहीच लागत नाही. सव्वापाच ते सहा संध्याकाळच्या डेकोरेटरचा आयशर. शेवटच्या अर्ध्या तासात मार्केट यार्डातून येणारी फुलं आणि बर्फ. साडेसहाला सामानाचं गेट बंद. सातपर्यंत अर्धा तास हाताशी. कागदावर काय सुंदर दिसत होतं!

सकाळच्या डेकोरेटरचा रिकामा आयशर आला अडीच वाजता. अडीच! त्याची वेळ चारची. मी जेवणावळीच्या बाजूला होतो, वॉचमनने आत सोडला. का, तर ड्रायव्हर म्हणाला, "लवकर आलोय साहेब, तुमचंच काम लवकर होईल." गाडी गेली बोळाच्या टोकाला, भटारखान्याच्या दाराशी. त्याच्या पुढ्यात साडेतीनला केटररचा टेम्पो लागला. बरोबर वेळेवर. पण पंगत चारपर्यंत चालली, कारण मुहूर्ताला लागायचं लग्न फोटोपायी पाऊण तास उशिरा लागलं. पंगत उठल्याशिवाय भांडी घासली जात नाहीत, आणि खरकटी पातेली कोण टेम्पोत भरणार? केटरर हलला पाच वाजता. आयशर आतच. त्यात भरायचं काय, तर स्टेज. आणि स्टेजवर काय चाललंय? मामाकडच्यांचे फोटो, मग काकाकडच्यांचे, मग ऑफिसातल्यांचे. पाठवणी झाली पाच वाजता. तोवर त्या गाडीत एक खुर्चीसुद्धा चढली नव्हती.

मग भरायला माणसं किती? तीन. ठरले होते सहा. सहा हमाल असतील तर एवढी गाडी पाऊण तासात भरते, हे मी डोळ्यांनी कितीदा बघितलंय. तिघांना सव्वा तास लागतो, आणि ते तिघे सकाळी पाचपासून उपाशीपोटी राबलेले. त्यांच्यावर मी ओरडत नाही. ओरडायचं ते त्यांच्या मालकावर, ज्यानं बाकीचे तिघे दुसऱ्या साइटवर पळवले आणि मला फोनवर सांगितलं, "माणसं वाटेत आहेत." गाडी निघाली सव्वासहाला.

आणि आता खरी गंमत ऐका. संध्याकाळचा डेकोरेटर अगदी वेळेवर आला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी. बिचारा एलईडीवाल्याच्या मागे सेवा रस्त्यावर उभा. आत कुणालाही घेतलं तर भरत असलेला आयशर टोकाला अडकणार. वीस मिनिटांनी वाहतूक पोलीस आला, त्यानं दोघांना हाकललं. बरोबरच आहे त्याचं, अर्धा रस्ता अडला होता. एलईडीचा टेम्पो लहान, तो शेजारच्या पेट्रोल पंपाच्या कडेला दबून राहिला. आयशर कुठे दबणार? तो गेला पुढे. रविवार संध्याकाळ, नवले पुलाच्या बाजूला जी कोंडी असते ती पुणेकरांना सांगायला नको. वळून परत यायला त्याला सव्वा तास लागला. आला तो पावणेसात वाजून गेल्यावर, आणि एलईडीवाला आत जाऊन त्याला जागा होईपर्यंत सात. म्हणजे ज्यानं वेळ पाळली तोच पाहुण्यांच्या गेटसमोर आडवा, लोकांनी काढलेल्या व्हिडिओत त्याचाच नंबर, आणि शिव्याही त्यालाच. ज्यानं अडीच वाजता येऊन सगळ्याचं वाटोळं केलं, तो एव्हाना गोदामात चहा पीत असणार.

म्हणून मला उशिरा येणाऱ्याचा जेवढा राग येत नाही तेवढा लवकर येणाऱ्याचा येतो. उशिरा येणारा स्वतःचा खोळंबा करतो, फार तर त्याच्या मागच्याचा. लवकर येणारा बोळात जाऊन बूच मारून बसतो आणि वर उपकार केल्यासारखं बोलतो. याला कुणी उशीर म्हणत नाही, दंड तर लांबच.

ड्रायव्हर लवकर का येतात तेही मला माहितीय. दिवसा ठरावीक वेळांत शहरात अवजड गाड्यांना बंदी, मग मिळेल त्या फटीतून शिरायचं आणि कुठेतरी सावलीला लावून झोप काढायची. रात्रभर गाडी चालवलेला माणूस आणखी काय करणार? पण झोपायला माझा बोळच सापडतो का? महामार्गालगत ट्रक लावायला मोकळी जागा आहे, तिथे थांब, मी फोन करतो तेव्हा ये. इतकं साधं आहे. पण ड्रायव्हरचा नंबर मला कोणी देत नाही! नंबर देतात मालकाचा. मालक कोंढव्याच्या गोदामात किंवा स्वतःच्याच कुणाच्या तरी लग्नात. त्याला विचारलं की एकच उत्तर, "निघालीय, पोचतेच आहे." मागे हातोड्याचे ठोके ऐकू येतायत, म्हणजे गाडीवर अजून सामान चढतंय, आणि हा म्हणतो पोचतेच आहे.

आता मी तोंडी काही ऐकत नाही. ताडपत्री बांधलेल्या गाडीचा फोटो पाठवा, नंबर प्लेट दिसेल असा. ताडपत्री बांधली म्हणजे सामान चढलं, त्याआधी काहीही सांगितलं तरी ते खोटं. मग ड्रायव्हरचं लाइव्ह लोकेशन. ठिपका अजून कात्रजपर्यंतही आला नसेल तर त्याची वेळ मी पुढच्याला देऊन टाकतो, मग नंतर गयावया करू नका. आणि तक्त्यात आता व्हेंडरचं नाव लिहून भागणार नाही. "शर्मा डेकोरेशन, सव्वापाच" म्हणजे काय? एक गाडी की तीन? चौदा फुटी की एकोणीस फुटी? उतरवायला माणसं गाडीबरोबर येणार की "तुमची चार पोरं द्या ना" म्हणणार? छोटा हत्ती असेल तर तो दहा मिनिटांत रिकामा होऊन पळतो, त्याला अर्धा तास देण्यात अर्थ नाही. आयशरला माणसं नसतील तर दोन तासही कमी पडतात. लिहायची ती गाडी, माणसं आणि बाहेर पडायची वेळ.

जनरेटरची व्हॅन तर वेगळंच प्रकरण. ती रात्री शेवटपर्यंत हलणार नाही, तेव्हा ती सगळ्यात आधी, सगळ्यात आत. हे न कळून एकदा ती मध्येच लावली गेली आणि तिच्या आतल्या बाजूचा केटरर रात्री साडेबारापर्यंत अडकला. बाहेर माणसं निघायच्या वाटेवर त्याची पातेली. उद्या आग लागली तर अग्निशमनची गाडी कुठून आणायची, पातेल्यांवरून?

पण माझा सगळ्यात जास्त राग आहे आमच्या मालकांवर. सकाळचं लग्न आणि संध्याकाळचं रिसेप्शन यांत अडीच-तीन तास ठेवून दोन्ही बुकिंग घेतात, आणि सकाळच्या पार्टीला तोंडभरून सांगतात, "घर तुमचंच आहे, आरामात आवरा." करारात लिहिलंय की चारपर्यंत हॉल सोडला नाही तर डिपॉझिट कापू. आजवर एकाचं कापलेलं मी बघितलं नाही. डेकोरेटरला दंड करू म्हटलं तर म्हणतात, "अरे, तो आपल्याला वर्षाला किती बुकिंग आणून देतो माहितीय का?" मग माझ्या हातात शिट्टी कशाला दिलीय?

सोमवारी सकाळी मी त्यांना दोनच गोष्टी मागितल्या. एक, दोन कार्यक्रमांत चार तासांचं अंतर. दोन, रिकामी गाडी भरायला आली तर स्टेज मोकळं झाल्याचा माझा फोन जाईपर्यंत तिनं गेटच्या आत यायचं नाही, आणि वॉचमननं माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, मालकांचंसुद्धा. दुसरी मान्य झाली. पहिलीवर ते हसले आणि म्हणाले, तिथी बघ की, मे महिन्यात एकेका दिवशी तीन तीन चौकश्या येतायत, अंतर कुठून आणू?