12 जणांचं काम, 10 जण येतात, तरी 25 मिनिटं कशाला?

«सर, रांगेच्या थिअरीची स्लाइड बघितली. कॅशियर तासाला 12 जणांचं काम उरकतो, येतात 10. म्हणजे त्याला 10 मिनिटं मोकळीच मिळतात की. मग सरासरी 25 मिनिटं थांबायचं आलं कुठनं? आणि आमच्या निपाणीच्या ब्रांचात शटर वर जायच्या आधीच 15 जण उभे असतात, ते तुमच्या फॉर्म्युल्यात कुठं बसतात? पोरांना पाठ करायला दिलेलं गणित, दुसरं काय.»

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंय, तिकडं नंतर येतो. पहिल्यावर मात्र मी मागं हटत नाही.

तुम्ही मनात धरलंय की बरोबर दर 6 मिनिटाला एक माणूस आत येतो आणि प्रत्येकाला बरोबर 5 मिनिटं लागतात. तसं असतं तर रांगच लागली नसती, मान्य. पण खरं काय होतं बघा. 11 ला एक आजोबा आले, पेन्शन काढली, 3 मिनिटांत मोकळे. 11:02 ला किराणावाला आला, दहा-वीसच्या नोटांची पिशवी घेऊन, 11:03 ला त्याच्या मागं एक मावशी. किराणावाला काउंटरला लागला 11:03 ला, नोटा मशीनमधनं दोनदा घातल्या, त्यात स्लिपवरची बेरीज चुकलेली, ती परत लिहिली, 12 मिनिटं गेली. मावशींचं काम 3 मिनिटांचं, पण त्या 12 मिनिटं उभ्या राहिल्या आणि 11:18 ला सुटल्या. पुढचं गिऱ्हाईक आलं 11:25 ला, म्हणजे मधली 7 मिनिटं कॅशियर रिकामा. ती 7 मिनिटं मावशींच्या काय कामाची? कॅशियरचा रिकामा वेळ एफडीत ठेवून गर्दीच्या वेळी मोडता येत नाही हो, तो गेला तो गेला.

स्लाइडवर होतं ते हेच:

```
Wq = λ / (μ(μ − λ))
```

Wq म्हणजे रांगेत सरासरी थांबायचा वेळ, λ म्हणजे लॅम्डा, तासाला किती जण येतात ते, आणि μ म्हणजे म्यू, कॅशियर तासाला किती जणांचं उरकतो ते. लॅम्डा 10, म्यू 12 घातलं की 10 भागिले 24 तास, म्हणजे 25 मिनिटं, आणि ही फक्त रांगेतली, काउंटरवरची 5 वेगळी. आता समजा प्रत्येकाचं काम घड्याळ लावल्यासारखं 5 मिनिटांचंच केलं, लोक मात्र आत्ता येतात तसेच वाटेल तेव्हा येत राहिले, तर हा आकडा निम्मा होतो, साडेबारा मिनिटं. म्हणजे निम्मी रांग लोकांच्या येण्याच्या अनियमितपणाची आणि निम्मी त्या नोटांच्या पिशवीची. (आमच्याकडं तर स्लिपा कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये, म्हातारी माणसं काउंटरवरच विचारायला लागतात, त्यामुळं कुणाला 2 मिनिटं, कुणाला 10.)

आणखी एक. तासाला 8 जण आले तर थांबणं 10 मिनिटं, 10 आले तर 25, आणि 11 आले तर एकदम 55. एका माणसानं अर्धा तास वाढतो. स्लाइडवर मला दाखवायचं होतं ते खरं हे, पण तिथं नुसता ग्राफ टाकून मी पुढं गेलो, ती माझी चूक.

आता तुमचे शटरपुढचे 15 जण. हा फॉर्म्युला बराच वेळ एकाच चालीनं चाललेल्या रांगेचा आहे, शटर उघडतानाचं त्याला काही ठाऊकच नसतं. तुमच्याकडं दहाला 15 जण आधीच आहेत, वर तासाला 10 येतात, 12 जातात, म्हणजे तासाला दोनच कमी होतात. अकराला आलेल्या माणसापुढं 13 जण, म्हणजे 65 मिनिटं, माझ्या 25 चं काय घेऊन बसलात! चार वाजले तरी तीन जण उरतातच. आणि उसाची बिलं जमा झालेल्या आठवड्यात तासाला 13 यायला लागले की तोच फॉर्म्युला वजा 65 मिनिटं सांगतो, म्हणजे माणूस यायच्या तासभर आधीच त्याचं काम झालेलं. असला आकडा आला की समजायचं, आता रांग फक्त वाढत जाणार, इथं सरासरी काढायची नाही. गावाकडची एसटी लागली की सहा जण एकदम आत शिरतात तेही यात धरलेलं नाही, त्यानं थांबणं 25 च्या वरच जातं.

तुमच्या ब्रांचात मी काय केलं असतं सांगू? दुसरा काउंटर दिवसभर नको, फक्त 10 ते 11. तासात दोघं मिळून 24 जणांचं उरकतात, 15 अधिक आलेले 10 म्हणजे 25, अकराला उरला एक. तिथनं पुढं एकटा कॅशियर चालतो, आणि मग माझी 25 मिनिटं तुमच्याकडंही लागू होतात.